आंदणाच्या तांब्यावरचे चार शब्द

आमच्या शिरड शहापुरात जुन्या घरांतली माळवदे उतरवायला लागली, की कोठीतून पितळेची भांडी बाहेर येतात. घागर, परात, ताटे, तांबे. नव्या घरात त्यांना जागा नसते आणि मोडीच्या दुकानात ती वजनावर जातात. त्यांच्या काठाखाली ठोकलेले एका ओळीचे लेखन कोणी वाचत नाही. गेली काही वर्षे मी ते वाचतो आहे. त्या वाचनात माझी एक मोठी चूक झाली, तिच्याविषयी हा लेख आहे.

लग्नात मुलीला पाठवताना माहेरची माणसे जी भांडी देतात, ते आंदण. त्यावर नाव घालतात ती ओळ म्हणजे एका अर्थाने पाठवणीचा निरोपच. मराठीत ‘निरोप’ हा शब्द निघताना घ्यायचा असतो आणि दुसऱ्याला सांगायचाही असतो. आंदणाची ओळ ही दोन्ही कामे करते. मात्र जाण्याचा उल्लेख तिच्यात कधी नसतो. आपण घरातून निघतानाही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तसेच भांड्यावरही ‘सप्रेम भेट’ एवढेच येते.

ही ओळ आखूड का असते, हे नाव घालण्याच्या पद्धतीवरून कळते. पूर्वी पोलादी टोकदार खिळा धातूवर टेकवून लहान हातोडीने एकेक टिंब ठोकत. एका अक्षराला दहा-पंधरा टिंबे सहज लागत. पत्रा दबू नये म्हणून आतून आधार द्यावा लागे. तांब्याच्या अरुंद गळ्यात तो देणे अवघड. त्यात आपली लिपी. रोमन मोठी अक्षरे एका पट्टीत बसतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा सोडावी लागते. गळ्यावरच्या बोटभर पट्टीत त्यामुळे एकच ओळ मावते. कारागीर आधी गळ्याभोवती शिरोरेषेची बारीक खूण ओढी, अक्षरे मोजून ती समोरच्या भागात मधोमध येतील असा अंदाज घेई आणि मगच ठोके घाली. अंदाज चुकला की शेवटची अक्षरे एकमेकांना चिकटत, नाहीतर ‘भेट’ हा शब्द खाली उतरे.

जागा कमी पडली की शब्द गळत, आणि त्या गळण्याला एक क्रम असे. क्रियापद तर मुळातच नसे. मग ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’चे ‘चि. सौ. कां.’ होई. ‘यांजकडून’चे ‘कडून’ होई. देणाऱ्याचे नाव किंवा नाते मात्र शेवटपर्यंत टिके, कारण मांडवात दहा घरची भांडी एकत्र होत आणि कोणी काय दिले हे ओळखू यावे लागे.

माझी चूक झाली ती आमच्याच घरातल्या एका तांब्यावर. तो माझ्या आजीच्या आंदणातला. त्यावर टिंबांच्या अक्षरांत आहे: ‘भाचीस मामाकडून सप्रेम शके १८७०’. विरुद्ध बाजूला, बहुधा बऱ्याच वर्षांनी, विजेच्या यंत्राने सलग रेषेत आमचे आडनाव कोरलेले आहे.

आधी सालाचे पाहू. आमच्या भागात भांड्यावरचा आकडा लगेच इसवी सन समजू नये. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होता. सरकारी कागदांवर फसली साल चाले, त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. शिरड शहापूर हे मल्लिनाथाचे जैन क्षेत्र; जैन घरांच्या वस्तूंवर वीर निर्वाण संवत असू शकतो, त्यातून ५२७ वजा करावे लागतात. व्यापारी घरांचा विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा. म्हणजे नुसते ‘२००५’ लिहिलेले भांडे कालपरवाचेही असेल किंवा १९४८-४९चेही. पत्रा आणि टिंबे पाहून ते ठरवावे लागते. आमच्या तांब्यावर ‘शके’ स्पष्ट होते. ७८ मिळवले की १९४८ चा गुढीपाडवा ते पुढच्या पाडव्याआधीचे दिवस. रझाकारांची दहशत, लोकांचे गाव सोडून जाणे आणि १७ सप्टेंबरची मुक्ती, हे सगळे त्याच एका सालात.

आजीला नव्या घरी नवे नाव मिळाले होते. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने लिहितात, तसे. माहेरचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून मी वहीत नोंद केली: ‘देणाऱ्याचे नाते आहे, घेणारीचे नाव नाही. जागेच्या टंचाईत पहिला बळी बाईच्या नावाचा.’ वाक्य मला आवडले होते. दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवले.

पुढे त्याच ओळीचा ठसा घ्यायला बसलो. पातळ कागद गळ्याभोवती ताणून बांधायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. टिंबे कागदावर पांढरी उमटतात. कागद सोडून सपाट पसरला तेव्हा ओळ मधोमध नव्हती. उजवीकडे शेवटच्या आकड्यानंतर जेवढी मोकळी जागा होती, तिच्या दुपटीहून जास्त डावीकडे, ‘भाचीस’च्या आधी, होती. इतकी सारखी टिंबे ठोकणारा हात असा अंदाज चुकणार नाही. शिरोरेषेची खूणही त्या मोकळ्या जागेवरून पुढे गेली होती. रिकाम्या जागेसाठी कोणी रेघ ओढत नाही.

रात्री खोलीतला दिवा मालवून बॅटरी गळ्याला जवळजवळ समांतर धरली. आडव्या उजेडात उथळ खड्ड्यालाही सावली पडते. तिथे टिंबांच्या दोन जुडग्या होत्या, एकीवर काना आणि मात्रा. एका नदीचे दोन अक्षरी नाव. आजीच्या माहेरच्या, वयाने बऱ्याच मोठ्या एका नातेवाईक बाईंना मी ते विचारले. त्या म्हणाल्या, “हो, आम्ही तिला त्याच नावानं हाक मारायचो. तुमच्याकडं गेली अन् नाव बदललं.”

म्हणजे मामाने नाव घातले होते. ते गेले रोजच्या वापरात. तांब्या गळ्याला धरून उचलतात; अंगठा रोज एकाच जागी पडतो, आणि चिंच-राखेने घासतानाही हात तिथेच जोर देतो. पितळ मऊ, टिंबे उथळ. ज्या हातांचे ते नाव होते, बहुधा त्याच हातांनी ते पुसले गेले.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. नाव गाळलेले आणि नाव झिजलेले या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या. गाळलेले असेल तर उरलेली ओळ मधोमध आणि तोललेली असते; झिजलेले असेल तर ओळ एका बाजूला कललेली दिसते आणि शिरोरेषा रिकामी पुढे जाते. नावे गाळलेली भांडीही मी पाहिली आहेत, तेव्हा माझे जुने वाक्य सगळेच खोटे नाही. पण ते ठसा घेण्याआधी लिहायला नको होते.

आता शाळेतल्या निरोप समारंभाच्या सन्मानचिन्हावर यंत्र हवी तितकी अक्षरे कोरते. तिथे नाव, हुद्दा, तारीख, ‘सेवापूर्तीनिमित्त सप्रेम भेट’ सगळे मावते, आणि ते काचेच्या कपाटात राहत असल्याने झिजतही नाही. आंदणाचे भांडे मात्र वापरासाठीच दिलेले असे.

मोडीत द्यायला काढलेले भांडे घरात असेल, तर ते चकचकीत करून पाहू नका. आहे तसेच ठेवा, दिवा मालवा आणि उजेड आडवा धरा. आमचा तांब्या मी त्यानंतर घासलेला नाही. वहीतली जुनी नोंदही खोडली नाही. तिच्याखाली ते दोन अक्षरी नाव लिहून ठेवले आहे.