तळटीप : बीटा-रक्तविलयन

* अल्फा, बीटा, गॅमा ही नावे जेम्स ब्राऊन यांनी १९१९ मध्ये रूढ केली. मेंढीचे सुमारे ५ टक्के रक्त मिसळलेल्या आगरवर वसाहतीभोवती तांबड्या पेशी पूर्ण फुटून स्वच्छ वलय उमटले, तर ते बीटा. घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस असा वागतो. त्याचे एक विष, स्ट्रेप्टोलायसिन-ओ, ऑक्सिजनने निकामी होते. म्हणून तंत्रज्ञ लूपने आगरला छेद देतात आणि वलय तिथे जास्त स्पष्ट दिसते. अल्फामध्ये जंतूच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने हिमोग्लोबिन हिरवट पडते. न्यूमोकॉकस आणि तोंडातले साधे स्ट्रेप्टोकॉकस इथे सारखेच दिसतात. ऑप्टोचिनची चकती त्यांना वेगळे करते. गॅमा म्हणजे काहीच बदल नाही. नवजात बाळांना बाधणारा ‘बी’ गटही बीटाच असल्याने केवळ वलयावरून जंतूचे नाव ठरवू नये.