एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादां’त बोलतो कोण?

पैठणच्या एकनाथांनीं (१५३३–१५९९) रचलेल्या ‘हिंदु-तुर्क संवादां’तील एखादी ओळ कवीचें धर्मविषयक मत म्हणून उद्धृत करण्याचा मोह सहज होतो. परंतु त्या कवितेचा बहुतेक भाग दोन भांडणाऱ्या माणसांच्या तोंडचा आहे. कोणतें वाक्य कोणाचें, हें ठरल्याखेरीज त्यांतून कवीचें मत काढणें धोक्याचें होय.

आरंभीं कवी स्वतः बोलतो. साध्य एक आणि उपासनेच्या रीती वेगळ्या, अशी भूमिका मांडून तो श्रोत्यांना संवादाकडे वळवितो. भांडणास तोंड लागतांच मात्र एक सूक्ष्म गोष्ट घडते. हिंदूसाठीं कवी ‘म्हणे’ हें क्रियापद योजतो, तर तुर्कासाठीं ‘कहे’. म्हणजे तुर्काचे शब्द उमटण्यापूर्वींच निवेदकाचें स्वतःचें वाक्य दखनीकडे झुकलेलें असतें. पुढें तुर्क दखनी वळणाच्या हिंदींत बोलतो, हिंदू मराठींत. वक्ता ओळखण्याची ही पहिली खूण.

दुसरी खूण सर्वनामांची. दुसऱ्याचें बोलणें सांगतांना त्याचे ‘मी’ आणि ‘तूं’ तसेच ठेवण्याची मराठीची रीत आहे. ‘तो म्हणाला, मी येतों’ असेंच आपण बोलतों. ‘तो म्हणाला कीं तो येईल’ हें ऐकणाऱ्याला तिसऱ्याच कोणाविषयीं वाटतें. त्यामुळें तुर्क ‘तुझें शास्त्र’ म्हणतो तेव्हां त्याचें बोट कवीच्याच परंपरेकडे वळलेलें असतें. ईश्वराला हातपाय कसे, ब्रह्मदेवाला स्वतःच्या कन्येचा अभिलाष कसा, हे प्रश्न ब्राह्मण कवीनें स्वमुखानें श्रोत्यांपुढें टाकणें अवघड होतें. तुर्काच्या तोंडीं ते निःसंकोच येतात. त्यांची जबाबदारी तुर्काची. पण ते इतके धारदार ठेवण्याची जबाबदारी कवीचीच.

हिंदूचीं उत्तरेंही पुष्कळदां प्रतिप्रश्नाच्या रूपाचीं आहेत. ईश्वर सर्वत्र असतां पश्चिमेकडेच तोंड कां? हिंदूला मुसलमान करावयाचें, तर त्याला हिंदू घडविण्यांत ईश्वर चुकला काय? हा सर्वव्यापकतेचा मुद्दा मोठा खुबीदार आहे. तो बोलणाऱ्यावरच उलटतो. कारण याच हिंदूनें भांडणाच्या आरंभीं विटाळ होईल म्हणून तुर्काला दूर सरावयास सांगितलें होतें. येथें कवी टीकेचा एक शब्दही घालीत नाहीं. विसंगति हेरणें श्रोत्याकडे सोपविलेलें आहे.

म्हणून या कवितेंतील तुर्काचा आक्षेप हें एकनाथांचें मूर्तिपूजेविषयींचें मत नव्हे, आणि हिंदूचा प्रतिप्रश्न हें त्यांचें इस्लामविषयींचें मतही नव्हे. कवीचा कल पाहावयाचा तर निवेदनाच्या मोजक्या ओळी पाहाव्या. शेवटीं तेच दोघे परस्परांना आलिंगन देतात. विटाळाची भाषा हिंदूच्या तोंडची होती, आलिंगनाची वार्ता मात्र कवी स्वतः देतो आणि तिच्यापुढें ‘एका जनार्दनीं’ ही आपली मुद्रा उमटवितो.