वहिवाट: मलंगगडापासून चौकपर्यंत सामायिक देवस्थानाची कुळकथा

दोन धर्मांचे लोक एकाच कबरीपुढे नारळ, फुले किंवा चादर घेऊन उभे राहतात, तेव्हा त्या दृश्याचे दोन सोपे अर्थ लावले जातात. पहिल्या अर्थानुसार तेथे धर्मांमधील भेद विरघळून गेलेले असतात; दुसऱ्या अर्थानुसार ते स्थान मुळात एकाच धर्माचे असते आणि दुसऱ्या धर्माचे लोक तेथे मागाहून शिरलेले असतात. मानवशास्त्रात धार्मिक सीमांचा अभ्यास जसा पुढे गेला तसे हे दोन्ही अर्थ अपुरे ठरत गेले. नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी 1969 मध्ये वांशिक गटांविषयी मांडलेला मुद्दा येथे उपयोगी पडतो: दोन गटांमधील सीमा संपर्काच्या अभावामुळे टिकत नाही, तर संपर्काचे नियम ठरलेले असल्यामुळे टिकते. सामायिक देवस्थान म्हणजे असे नियम असलेली जागा होय, आणि महाराष्ट्रात या नियमांचे जुने नाव वहिवाट आहे. दीर्घकाळ अखंड चालत आलेल्या वापरातून आणि व्यवस्थेतून निर्माण झालेला हक्क म्हणजे वहिवाट, आणि ती व्यवस्था सांभाळणारा तो वहिवाटदार. एखाद्या पिराच्या दर्ग्याची वहिवाट ब्राह्मण घराण्याकडे कशी आली आणि पुढे तिचे काय झाले, हे ठाणे जिल्ह्यातील हाजी मलंगच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते.

कल्याणजवळच्या मलंगगडावर दोन कबरी आहेत, एक हाजी मलंग बाबांची आणि दुसरी माँ फातिमा यांची. परंपरा अशी सांगते की हाजी मलंग, म्हणजे हाजी अब्दुल रहमान, हे येमेनहून आपल्या अनुयायांसह नल नावाच्या राजाच्या काळी या डोंगरावर आले, आणि राजाने त्यांची कसोटी पाहण्याच्या ओघात आपली कन्याच त्यांना दिली. दुसरी कबर तिची मानली जाते. या कथेला काळाचा पक्का पुरावा नाही, पण तिची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. बाहेरून आलेला संत स्थानिक राजाचा जावई होतो आणि त्यामुळे दोन कुळांचा त्या जागेवर नात्याचा अधिकार तयार होतो. आपले हक्क मांडायला जेव्हा कागद नसतो तेव्हा समाज नातेसंबंधाची भाषा वापरतो, आणि ही कथा ते काम चोख करते. दर्ग्याचा वार्षिक उरूस, म्हणजे संताच्या मृत्यूच्या स्मृतीचा उत्सव, माघ पौर्णिमेला भरतो. इस्लामी पंचांग चंद्रावर चालते आणि त्यात अधिक मास नसल्यामुळे त्यातील तिथी ऋतूंमधून सरकत जाते. हा उरूस मात्र माघ महिन्यालाच बांधलेला आहे. पिराचा उत्सव हिंदू पंचांगाला जोडला गेला याचा अर्थ यात्रेकरूंमध्ये शेतकरी आणि गावकरी फार होते आणि त्यांच्या वर्षक्रमाने या स्थानाची वेळ ठरवली, असा लावणे योग्य ठरते.

लिखित पुरावा अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू होतो. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये, जो 1882 मध्ये प्रसिद्ध झाला, ही हकीकत नोंदलेली आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात 1780 मध्ये इंग्रजांनी मलंगगडाच्या परिसरात धडक मारली आणि 1782 च्या सालबाईच्या तहानंतर ते निघून गेले. ते जाण्याचे श्रेय लोकांनी बाबांच्या सामर्थ्याला दिले, आणि पेशव्यांच्या वतीने कल्याणचे काशीनाथपंत केतकर यांच्यामार्फत दर्ग्याला कृतज्ञतेचा नजराणा गेला. त्यात चांदीच्या खांबांवर टेकलेले, मोत्यांची झालर असलेले जरीचे छत होते. काशीनाथपंतांनी कबरीची दुरुस्तीही करवली. एका हिंदू राज्याने मुसलमान संताला लढाईतील साहाय्याबद्दल नजराणा द्यावा, हे त्या काळच्या राजनीतीत विसंगत नव्हते, कारण राज्यकर्त्याने आपल्या मुलखातील सर्व जागृत स्थानांचे पालन करावे ही अपेक्षा दोन्ही धर्मांत रुजलेली होती. धर्म बदलला नाही, सीमाही पुसली गेली नाही. केवळ संताचे सामर्थ्य सीमेच्या दोन्ही बाजूंना मान्य झाले.

पुढे वाद उभा राहिला. दर्ग्याची व्यवस्था ब्राह्मणाकडे असावी यास कल्याणच्या मुसलमानांनी 1817 मध्ये हरकत घेतली. इंग्रज कलेक्टरपुढे प्रकरण आले, तेव्हा त्याने पुरावे तपासून निकाल देण्याऐवजी बाबांचीच इच्छा जाणून घ्यावी असे ठरवले, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या. गॅझेटिअर सांगतो की तीनदा चिठ्ठी काशीनाथपंतांच्या प्रतिनिधीच्या नावाने निघाली आणि त्याला वहिवाटदार जाहीर करण्यात आले. या प्रसंगाकडे केवळ गमतीदार नोंद म्हणून पाहणे चुकीचे होईल. चिठ्ठी काढणे ही देवाचा किंवा पिराचा कौल घेण्याची रीत दोन्ही पक्षांना मान्य असल्यामुळे निकालही दोन्ही पक्षांवर बंधनकारक झाला. ज्या वादात एकाचे शास्त्र दुसऱ्याला मान्य नाही, त्यात मध्यस्थ म्हणून संतालाच बसवणे हाच एक मार्ग शिल्लक राहतो. केतकरांची वहिवाट म्हणूनच पेशव्यांच्या दानावर उभी नाही. ती वादाच्या निकालातून घडली, आणि हरकत घेतली गेली तेव्हाच पक्की झाली.

अशा व्यवस्थेत समन्वय, म्हणजे दोन धर्मांच्या श्रद्धा एकमेकांत मिसळून तिसरेच काही तयार होणे, किती प्रमाणात घडते हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर संयमाने द्यावे लागते. भक्ताने नवस फेडण्यासाठी येथे येणे म्हणजे त्याने आपली उपासना सोडणे नव्हे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट हेडन यांनी 2002 मध्ये बाल्कन प्रदेशासोबत महाराष्ट्रातील मढीचे उदाहरण घेऊन अशा सहवासाला स्पर्धात्मक सहभाग म्हटले. अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी येथे एकाच समाधीला हिंदू भक्त कानिफनाथांची मानतात आणि मुसलमान भक्त शहा रमजान यांची. हेडन यांच्या मते अशा ठिकाणी दिसणारी सहिष्णुता ही परस्परांची मान्यता नसून, दुसऱ्याला हटवण्याची ताकद नसल्यामुळे केलेली तडजोड असते. हे मत कठोर आहे आणि मलंगगडावर ते अर्धेच लागू पडते. तेथेही स्पर्धा होती, परंतु तिचा निकाल कोण बलवान यावरून लागला नाही, तो दोघांनी मान्य केलेल्या रीतीने लागला. सहिष्णुतेचा पाया नुसता दुबळेपणा असता तर इतकी दशके एका घराण्याला हिशोब ठेवत बसता आले नसते. धर्मांमधून वस्तू फिरतात तेव्हाही प्रत्येक वेळी सहभाग असतोच असे नाही: वसई जिंकल्यावर मराठ्यांनी नेलेल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा आजही नाशिकच्या नारोशंकरासारख्या मंदिरांत आहेत, पण त्या सामायिक भक्तीच्या नव्हेत, विजयाच्या खुणा आहेत. मलंगगडावरचे छत दिले गेले, घंटा मात्र नेल्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर वहिवाटीचा सामना नव्या कायद्याशी झाला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे केतकरांचे प्रकरण आले तेव्हा न्यायालयाने हे स्थान संमिश्र मानले: त्याला हिंदू धर्मशास्त्र किंवा मुस्लिम कायदा यांपैकी कोणताही एक लावता येत नाही, ते त्याच्या स्वतःच्या रूढीने अथवा न्यासांच्या सर्वसाधारण तत्त्वांनी चालवावे लागते. न्यास म्हणजे एखाद्या धार्मिक किंवा लोकहिताच्या कामासाठी विश्वासाने सोपवलेली मालमत्ता. हा निकाल समजूतदार आहे, कारण त्याने स्थानाला एका खान्यात बसवण्याचा आग्रह धरला नाही. परंतु वहिवाटदाराचे स्थान त्यामुळे अधिक प्रश्नांकित झाले. 1968 च्या निकालात दर्ग्याजवळच्या एका भूखंडावर केतकरांनी सांगितलेली मालकी न्यायालयाने अमान्य केली. आपल्या ताब्यात असलेल्या हिशोबाच्या वह्या त्यांनी हजर केल्या नाहीत यावरून त्या वह्या त्यांच्या विरुद्ध जातील असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. वहिवाट आणि मालकी यांत किती अंतर आहे हे याहून नेमके कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. सेवा करणाऱ्याने जागा माझी आहे असे म्हणताक्षणीच वहिवाटीचे नैतिक बळ ढासळते, कारण ते बळ जागा स्वतःची नसताना सांभाळण्यातच असते.

1980 च्या दशकापासून हे स्थान नाथपंथी समाधी आहे असा दावा संघटितपणे पुढे आला, माघ पौर्णिमेला आरतीचे मोर्चे निघू लागले, आणि जानेवारी 2024 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडाच्या मुक्तीचा उल्लेख जाहीरपणे केला. येथे बदल केवळ राजकारणाचा नाही. पूर्वीचा वाद वहिवाट कोणी करावी याचा होता. आताचा वाद ही जागा मुळात काय आहे याचा आहे. पहिला प्रश्न कौलाने सुटतो, दुसरा सुटत नाही, कारण त्याच्या उत्तरात एक पक्ष पूर्णपणे खोटा ठरवावा लागतो.

याच जिल्ह्यात, मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील चौक येथे, वहिवाटीचा कागद नसताना काय होते हे पाहता येते. धारावी बेटाच्या उत्तर टोकाला, खाडीपलीकडच्या वसईच्या किल्ल्यासमोर असलेले हे मच्छीमार गाव आहे. येथील धारावी किल्ला मराठ्यांनी 1739 च्या मोहिमेत घेतला. आसपासच्या उत्तन-डोंगरी पट्ट्यातील कोळी बहुतांशी मराठी बोलणारे ख्रिस्ती आहेत, परिसरात वेलंकनी मातेचे स्थान आहे, आणि चौकच्या किनाऱ्यावर बालेपीर शाह यांचा दर्गा आहे. वेलंकनीची भक्ती तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून आलेली आहे आणि तेथेही ती मुळापासूनच केवळ ख्रिस्त्यांपुरती राहिलेली नाही. दर्ग्याचा न्यास दर्गा साडेतीनशे वर्षांचा असल्याचे सांगतो, तर शासनाच्या मते तो सरकारी जागेवरील अतिक्रमण आहे. मे 2025 मध्ये बांधकाम पाडण्याची तयारी झाली असता सर्वोच्च न्यायालयाने स्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला. दोन्ही पक्षांना आता सातबारा, बांधकाम परवाना आणि नोंदणीच्या तारखा लागतात. तेथे कोण कोणत्या दिवशी येत असे, धूप कोण लावत असे, होड्या समुद्रात जाण्यापूर्वी तेथे कोण थांबत असे, यांची नोंद कोणत्याही फायलीत आपोआप होत नाही.

मलंगगडाला गॅझेटिअरचे एक पान मिळाले म्हणून त्याची वहिवाट आज न्यायालयात उभी राहू शकते. चौकचा कायदेशीर प्रश्न न्यायालय सोडवील, आणि सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण पुरावा नसताना श्रद्धेच्या नावाने वैध ठरू नये हेही खरे आहे. परंतु निकालाआधी ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील अभ्यासकांनी, महाविद्यालयांनी आणि स्थानिक इतिहास मंडळांनी कोळी, ख्रिस्ती व मुसलमान वृद्धांकडून या किनाऱ्यावरील देवस्थानांच्या वापराच्या नोंदी लिहून घ्याव्यात, नावनिशीवार आणि तारखेसह, आणि त्या कोणत्याही पक्षाच्या ताब्यात न देता सार्वजनिक संग्रहात ठेवाव्यात.