वादळाच्या पोटातला वारा

ख्रिश्चन डॉप्लरने 1842 साली प्राग इथे आपला सिद्धांत मांडला तो ताऱ्यांच्या रंगांबद्दल. 1845 मध्ये हॉलंडच्या बाइस बॅलटने तो आवाजावर तपासला. तुतारीवाले आगगाडीत बसवले आणि रुळालगत सुरांचे पक्के कान असलेले वादक उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढा लागला, दूर जाताना उतरला. हाच बाइस बॅलट पुढे डच हवामानसंस्थेचा पहिला संचालक झाला, पण वाऱ्याला ही युक्ती लावायला आणखी शंभर वर्षं जायची होती.

10 जून 1958 रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एल डोराडो गावावर टोर्नेडो आला. हवामान खात्याच्या माणसांनी त्याच्यावर डॉप्लर रडार रोखलं आणि ताशी सुमारे 330 किलोमीटर वेग नोंदवला. मात्र ते रडार अखंड लहर सोडणारं होतं. वेग कळला, पण तो किती अंतरावरचा, हे त्याला सांगता येत नव्हतं.

अंतर हवं तर लहरीचे तुकडे, म्हणजे स्पंद, सोडून प्रतिध्वनीची वाट पाहावी लागते. इथे खरी अडचण येते. दहा सेंटिमीटर लहरीची वारंवारता सेकंदाला तीन अब्ज. सेकंदाला 25 मीटर वेगाने वाहणारे पावसाचे थेंब तिच्यात जेमतेम 500 चा फरक पाडतात. तेवढ्या फरकाचं एक आवर्तन पुरं व्हायला दोन सहस्रांश सेकंद लागतात, आणि स्पंद टिकतो सेकंदाचा एखाददुसरा दशलक्षांश! एका स्पंदात हा फरक दिसणं शक्यच नाही.

म्हणून रडार लागोपाठच्या स्पंदांची तुलना करतं. सेकंदाला हजार स्पंद धरले, तर दोन स्पंदांमध्ये आपले थेंब अडीच सेंटिमीटर सरकतात. जाण्यायेण्याचा मार्ग पाच सेंटिमीटरने, म्हणजे अर्ध्या लहरीने बदलतो. परतलेल्या लहरीची कला तेवढी सरकते आणि त्यावरून वेग निघतो.

मर्यादाही इथेच आहे. लहर अर्ध्याहून जास्त सरकली, तर ती पुढे सरकली की मागे, हे ओळखता येत नाही. सेकंदाला 30 मीटर वेगाने दूर जाणारा पाऊस 20 मीटरने जवळ येताना दिसतो. पडद्यावर दूर जाणाऱ्या वेगाच्या गडद लाल पट्ट्याला खेटून एकदम जवळ येणाऱ्या वेगाचा गडद हिरवा उमटला की जाणकार आधी हीच शंका घेतो. स्पंद जलद सोडावेत, तर अंतराची हद्द आक्रसते. हजारांना ती 150 किलोमीटरच असते. शिवाय रडारला कळतो तो फक्त त्याच्या दिशेने येणारा किंवा जाणारा वेग, आडवा नव्हे.

24 मे 1973 रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीचा टोर्नेडो नॉर्मन इथल्या, स्पंद सोडणाऱ्या डॉप्लर रडारने टिपला. नोंदी तपासताना संशोधकांना अगदी शेजारशेजारच्या दोन जागी परस्परविरुद्ध वेग सापडले. वेग उलटा दिसण्याचा तो भास नव्हता, तिथे हवा खरोखरच गरगरत होती. ही खूण आधी ढगाच्या मध्यभागी उमटली होती आणि मग जमिनीकडे उतरत गेली होती.