देहातली पंढरी गाथेत शोधताना

देहाला पंढरी आणि आत्म्याला विठ्ठल म्हणणारा एकनाथांचा अभंग आपण भजनात ऐकतो. गाथेत मात्र तो चटकन सापडत नाही. का बरं?

गाथेची सूची पहिल्या शब्दावरून लावतात. समजा, आपल्या कानात 'काया' आहे आणि संपादकाच्या पोथीत 'देह'. मग 'क'खाली कितीही शोधा, अभंग 'द'खाली बसलेला! दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे, त्यामुळे चाल मोडत नाही. बदल गाणाऱ्यालाही खटकत नाही आणि उतरवणाऱ्यालाही नाही.

यमकाचं तसं नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या या अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. तिथला शब्द बदलला की कान लगेच अडतो. म्हणून आपण यमकाचे शब्द धरून शोधावं. शेवटच्या मुद्रेवरून कवी कळतो, अभंग नाही.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या पोथ्या जपल्या आहेत. अशा पोथ्यांत शब्द सलग लिहीत. ते तोडतो संपादक. तेव्हा जळगावच्या एखाद्या बुवांना 'चुकलात' म्हणण्याआधी आपण प्रस्तावना उघडू आणि पाहू, की छापलेला पाठ कोणत्या पोथीवरून घेतला आहे.