कर्ज मंजूर करणाऱ्या मॉडेलमध्ये पक्षपात कुठून येतो?

ॲपवर कर्जाचा अर्ज भरला की काही मिनिटांत ‘नामंजूर’ असं उत्तर येऊ शकतं. हा निर्णय देणारं मॉडेल जुन्या अर्जांवरून शिकलेलं असतं. ते जुने निर्णय घेताना माणसांनी दुजाभाव केला असेल, तर मॉडेल तोही शिकतं.

रायगडमधल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांचं उदाहरण घेऊ. खोपोलीच्या कारखान्यातल्या कामगाराच्या खात्यात दर महिन्याला पगार जमा होतो. डोंगराकडेच्या कातकरी वाडीतली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याआधी परततात. त्यांना आधी उचल मिळते, बाकीचा हिशेब हंगाम संपताना होतो. बँक स्टेटमेंटवर हे उत्पन्न नियमित दिसत नाही.

आता हिशेब करू. आकडे समजण्यापुरते, काल्पनिक आहेत. एका संस्थेकडे शहरी भागातून 800 अर्ज आले, त्यातले 600 मंजूर झाले आणि 60 कर्जं बुडाली, म्हणजे 10 टक्के. वाड्यांमधून 200 अर्ज आले, 40 मंजूर झाले आणि 2 बुडाली, म्हणजे 5 टक्के.

नाकारलेल्या 160 वाडीकरांनी कर्ज फेडलं असतं का, याची नोंदच नाही, कारण त्यांना कर्ज मिळालंच नाही. ही रिकामी जागा भरताना संस्थेने ‘नाकारलेला म्हणजे बुडवणारा’ असं धरलं, तर वाड्यांमधले 200 पैकी 162 जण बुडवे ठरतात, म्हणजे 81 टक्के. शहरात हाच आकडा 800 पैकी 260, म्हणजे साडेबत्तीस टक्के. प्रत्यक्षात दोनच कर्जं बुडालेली असताना मॉडेल वाडीला धोकादायक समजू लागतं. पुढचे अर्जही नाकारले जातात, आणि तेच निर्णय पुढच्या प्रशिक्षणात पुरावा म्हणून येतात.

जातीचा रकाना काढून टाकला तरी फारसा फरक पडत नाही. पत्ता आणि पैसे जमा होण्याची पद्धत यांवरून मॉडेल तीच माणसं ओळखतं.

हे पकडायचं कसं? मंजूर झालेल्यांमध्ये एखाद्या गटाची कर्जं कमी बुडत असतील, तर त्या गटाला जास्त कडक चाळणी लावली गेल्याची शंका घ्यावी. शंकाच, कारण 40 कर्जांत आणखी दोन बुडाली की दोन्ही गट सारखे दिसतात. शिवाय सरासरीपेक्षा, जेमतेम मंजूर झालेल्यांची तुलना जास्त खरं सांगते.

खात्रीचा मार्ग खर्चिक आहे. नाकारलेल्यांपैकी काहींना चिठ्ठी टाकून निवडायचं, छोटं कर्ज द्यायचं आणि परतफेड पाहायची. हप्ता मात्र हंगामाप्रमाणे ठेवायला हवा. भर पावसात, भट्ट्या बंद असताना मासिक हप्ता मागितला, तर तो चुकणारच, आणि मॉडेलच्या नोंदीत ती माणसाची बेफिकिरी म्हणून जाईल.