ग्रेव्हसेंडच्या वाइनचं बिल

एलएल.बी.च्या कंपनी कायद्याच्या पेपरात एक प्रश्न वेश बदलून पुन्हापुन्हा येतो. त्याचं एक रूप असं: 'अ' हा एका नियोजित कंपनीचा प्रवर्तक. ३ मार्चला तो 'नियोजित कंपनीकरिता' अशी सही करून 'ब'चं गोदाम पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेण्याचा करार करतो. १० एप्रिलला कंपनीची नोंदणी होते. २० एप्रिलला संचालक मंडळ करार स्वीकारल्याचा ठराव करतं. 'ब'ला मात्र काहीच कळवत नाही. जूनमध्ये कंपनी म्हणते, गोदाम नको. 'ब'ने कोणाला धरायचं?

हा प्रश्न इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडच्या एका हॉटेलातून आला. १८६६च्या जानेवारीत तिथे एक हॉटेल कंपनी उभी करण्याची तयारी चालू होती. केल्नर नावाच्या वाइन व्यापाऱ्याने ९०० पौंडांचा माल देऊ केला. बॅक्स्टर आणि त्याच्या दोन साथीदारांनी कंपनीच्या वतीने सह्या करून तो घेतला. माल हॉटेलात संपला. कंपनीची नोंदणी फेब्रुवारीत झाली, तिने व्यवहाराला मंजुरीही दिली. पण पैसे चुकते होण्याआधीच ती बुडाली. केल्नरने सह्या करणाऱ्यांवर दावा लावला. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही नुसते एजंट. करार कंपनीचा, आणि तिने तो मान्यही केला आहे.

न्यायालयाने ते फेटाळलं. मुख्य न्यायमूर्ती अर्ल यांचा तर्क मला आजही निर्दोष वाटतो. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेलं काम मागाहून मंजूर करायचं, तर ते काम झालं तेव्हा आपण अस्तित्वात असायला हवं. करार झाला त्या २७ जानेवारीला कंपनीच नव्हती, म्हणून तिची नंतरची मंजुरी त्या कराराला लागू पडत नाही. मग करारात दुसऱ्या बाजूला उरलं कोण? सह्या करणारे. त्यांनाही सोडलं, तर माल देऊन-घेऊन झालेला करार निव्वळ पोकळ ठरतो.

पुढे १९५३मध्ये न्यूबॉर्न खटल्यात याची दुसरी बाजू दिसली. डबाबंद हॅमच्या विक्रीच्या करारावर कंपनीचंच नाव सहीसारखं होतं. त्याखालचं माणसाचं नाव ती सही खरी आहे एवढंच सांगणारं. कंपनीची नोंदणी मात्र झालेली नव्हती. न्यायालय म्हणालं, इथे करारच झाला नाही. म्हणजे दोन खटल्यांचे निकाल सहीच्या पद्धतीवर फिरले. ही विसंगती खटकणारीच होती, आणि ब्रिटनने १९७२च्या कायद्याने ती काढून टाकली: नोंदणीआधी कंपनीसाठी सही करणारा, उलट ठरलेलं नसेल तर, स्वतः बांधील.

भारतात उत्तर लिहिताना केल्नरवर थांबलं की गुण जातात. आपल्याकडे करार कायद्याचं कलम २३० आहे. एजंट सहसा वैयक्तिकरीत्या बांधील नसतो. पण मालकाचं नाव उघड असूनही त्याच्यावर दावा लावता येत नसेल, तर एजंट बांधील आहे असं गृहीत धरलं जातं. ३ मार्चला नसलेल्या कंपनीवर दावा लागत नाही, म्हणून 'अ' अडकतो. हे गृहीतक मात्र खोडता येतं. 'माझी वैयक्तिक जबाबदारी नाही' असं करारात स्पष्ट असतं, तर 'अ'ला तो बचाव मिळाला असता. 'नियोजित कंपनीकरिता' हे शब्द त्यासाठी पुरे पडत नाहीत.

आता कंपनी. १९६३च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम १९(ई) केल्नरच्या नियमाला वाट काढून देतं. करार कंपनीच्या प्रयोजनांसाठी असेल, तिच्या स्थापनेच्या अटींत बसत असेल, तिने तो स्वीकारला असेल आणि तो स्वीकार समोरच्याला कळवला असेल, तर त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी तिच्याविरुद्ध मागता येते. शेवटची अट वाचा. २० एप्रिलचा ठराव कंपनीच्या इतिवृत्तातच राहिला, 'ब'पर्यंत पोचलाच नाही. म्हणून कंपनी सुटते आणि 'ब'ने 'अ'कडे नुकसानभरपाई मागायची.

परीक्षक इथे एक शब्द बदलतो आणि पेपर अवघड होतो: ठराव 'ब'ला पत्राने कळवला. आता 'ब' कंपनीला धरू शकतो, आणि बरेच विद्यार्थी लगेच लिहितात की 'अ' मोकळा झाला. कलम १९(ई) तसं म्हणत नाही; ते कंपनीला ओढून आणतं, प्रवर्तकाला सोडवत नाही. त्याची सुटका व्हायची तर 'ब', 'अ' आणि कंपनी यांनी मिळून जुन्याच्या जागी नवा करार करायला हवा. ते करार कायद्याचं कलम ६२. नोंदणी झाल्याबरोबर हा नवा करार करून घेणं, किंवा कंपनीने करार स्वीकारला की आपली जबाबदारी संपेल असं मूळ करारातच लिहून ठेवणं, हे 'अ'च्या हातात होतं. प्रश्नात त्यापैकी काहीच झालेलं नाही, म्हणून कळवलेल्या स्वीकारानंतरही 'अ' जबाबदार राहतो असंच मी लिहीन.